सेल परत येतोच: स्टीमवर खरी सवलत ओळखायची आणि न खेळले जाणारे गेम टाळायचे

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून गेम घ्यायला सुरुवात केलेल्या माणसाची लायब्ररी साधारण वर्षभरात एका विशिष्ट रूपाला येते. चाळीस गेम, त्यातले सहा पूर्ण, दहा अर्धवट, आणि बाकीचे एकदाही उघडलेले नाहीत. प्रत्येक गेम ‘इतक्या स्वस्तात परत मिळणार नाही’ म्हणून घेतलेला असतो. हा समज चुकीचा आहे आणि त्याचं कारण स्टीमच्या नियमांतच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

स्टीमवर सवलत दुकान ठरवत नाही, गेमचा प्रकाशक ठरवतो. त्याला मर्यादा घातलेल्या आहेत. एक सवलत संपली की पुढची ३० दिवसांनंतरच देता येते. फक्त स्टीमच्या मोठ्या हंगामी सेलना ही अट लागू नाही. प्रकाशकाने स्वतः ठेवलेली सवलत सलग १४ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. किंमत वाढवली तर त्यानंतर ३० दिवस सवलत देता येत नाही. त्यामुळे आपल्या बाजारात चालतो तसा ‘आदल्या दिवशी भाव चढवायचा आणि दुसऱ्या दिवशी निम्मा करायचा’ हा खेळ तिथे सरळ खेळता येत नाही. पण दोन महिने आधी भाव चढवून ठेवायला कोणाची हरकत नसते. त्याकडे पुढे येऊ.

वर्षात चार हंगामी सेल असतात आणि मधून मधून प्रकाशकाचे स्वतःचे सेल. दोन-तीन वर्षं जुना गेम वर्षातून पाच-सहा वेळा त्याच भावाला सहज दिसतो. म्हणजे आज न घेतलेला गेम तीन महिन्यांनी त्याच किंवा त्याहून कमी भावात मिळण्याची शक्यता चांगली असते. थांबण्याची किंमत जवळजवळ शून्य आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: आधी आपलं कपाट उघडा

विशलिस्टच्या आधी लायब्ररी बघायची. स्टीमच्या डेस्कटॉप ॲपमध्ये लायब्ररीच्या डाव्या बाजूला, शोधायच्या चौकटीशेजारी फिल्टरचं चिन्ह असतं. त्यात Play State खाली Unplayed निवडा. जी यादी येईल ती डायनॅमिक कलेक्शन म्हणून जतन करून ठेवा. पुढे त्यातला एखादा गेम उघडला की तो आपोआप यादीतून निघतो, नवा घेतला की येऊन बसतो. तुम्हाला काही करावं लागत नाही.

मग आतापर्यंत किती पैसे गेले ते बघायचं असेल तर हा पत्ता ब्राउझरमध्ये टाका, लॉगिन केलेलं असू द्या:

```
https://help.steampowered.com/en/accountdata/AccountSpend
```

TotalSpend समोरचा आकडा बघून बहुतेक जण दोनदा वाचतात. आकडा डॉलरमध्ये असतो, तेव्हा घाबरण्याआधी किंवा निर्धास्त होण्याआधी रुपयांत करून घ्या.

हे कशासाठी, तर अंदाज बांधायला. स्टीमने २०२४ च्या वार्षिक आढाव्यात सांगितलं होतं की त्या वर्षात वापरकर्त्यांनी खेळलेल्या गेमची मध्यक संख्या चार आहे. म्हणजे निम्मे लोक वर्षभरात चार किंवा त्याहून कमी गेमना हात लावतात. तुम्ही आठ खेळत असाल असं धरलं, तरी एका समर सेलमध्ये बारा गेम घेणं म्हणजे दीड वर्षाचा शिधा एकदम भरणं. आणि गेम काही तांदूळ नाहीत. साठवून ते मुरत नाहीत, उलट दर तीन महिन्यांनी स्वस्त होत जातात.

घरात आणखी कोणी स्टीमवर असेल तर इथेच एक गोष्ट तपासा. स्टीम फॅमिलीजमध्ये एकाच घरातले सहा जण एकमेकांच्या लायब्ररीतले गेम खेळू शकतात. धाकट्या भावाकडे गेम आधीच असेल तर तुम्हाला तो घ्यायची गरज नाही. अडचण एवढीच की एकच प्रत दोघांना एकाच वेळी खेळता येत नाही आणि काही प्रकाशकांनी त्यांचे गेम यातून वगळलेले आहेत. गेमच्या पानावर उजवीकडच्या यादीत Family Sharing लिहिलेलं आहे का ते बघा.

दुसरी पायरी: विशलिस्ट म्हणजे इच्छांचं गोदाम नव्हे

आवडला की विशलिस्टमध्ये टाकला, असं करत दोनशे गेमची विशलिस्ट झाली की तिचा उपयोग संपतो. सेलच्या दिवशी त्यातले दीडशे सवलतीत असतात आणि डोळे फिरतात.

यादी वीस-पंचवीसवर आणा. विशलिस्टच्या पानावर ती Date Added प्रमाणे लावा आणि सर्वांत जुनं टोक बघा. दीड वर्षापूर्वी टाकलेला, मधल्या काळात चार-पाच वेळा सवलतीत आलेला आणि तरी न घेतलेला गेम तुम्हाला हवा नाहीये. त्याचा ट्रेलर आवडला होता, एवढंच. तो काढून टाका. उरलेले Your Rank या क्रमात ओढून लावा आणि पहिल्या पाचांत फक्त तेच ठेवा, जे आज फुकट मिळाले तर आज रात्रीच डाउनलोडला लावाल.

विशलिस्टमधला गेम सवलतीत आला की स्टीम ईमेल पाठवतं, पण सवलत २० टक्के किंवा जास्त असेल तरच. नव्या गेमला १० किंवा १५ टक्के सुटले तर मेल येणार नाही. मेल मुळीच येत नसतील तर खात्याच्या ईमेल प्रेफरन्सेसमध्ये विशलिस्टचा पर्याय चालू आहे का ते बघा.

तिसरी पायरी: भावाचा इतिहास वाचायला शिका

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यायचा. गेमच्या पानावर हिरव्या चौकटीत -६५% दिसतं, पण आधी तो गेम कितीला मिळत होता, हे स्टीम सांगत नाही. ते `steamdb.info` सांगतं. तिथे गेमचं नाव शोधा. वेगवेगळ्या चलनांतल्या किमतींचा तक्ता दिसेल. त्यात Indian Rupee ची ओळ निवडली की खालचा आलेख रुपयांतला होतो. ही निवड विसरू नका. डॉलरमधला आलेख आपल्या कामाचा नाही, कारण भारतात किमती २०१५ पासून रुपयांत आहेत आणि प्रकाशक त्या डॉलरच्या दराने नाही तर वेगळ्या ठरवतो. डॉलरमध्ये भाव स्थिर असताना रुपयांत वाढलेला असू शकतो.

आलेख जिन्यासारखा दिसतो. वरची सपाट रेघ म्हणजे मूळ किंमत, आणि तिच्यातून खाली गेलेले खड्डे म्हणजे सेल. तीन गोष्टी बघायच्या: खड्डे किती खोल जातात, किती महिन्यांनी येतात, आणि वरची रेघ कधी हललीय का.

एक उदाहरण धरू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण आकार अगदी नेहमीचा आहे. एक गेम १,२०० रुपयांना बाजारात आला. चार महिन्यांनी २० टक्के सुटले, भाव ९६०. त्या वर्षीच्या विंटर सेलला ३३ टक्के, म्हणजे ८०४. पुढच्या समर सेलला ५० टक्के, ६०० रुपये. विंटरला पुन्हा ६००. तिसऱ्या वर्षी ६० टक्के, म्हणजे ४८०, आणि तो भाव वर्षात तीनदा आला. त्यानंतर प्रकाशकाने मूळ किंमत १,६०० केली. तीन महिने गेले आणि आता सेलमध्ये ६५ टक्के सूट दिसतेय. या गेमला आजवर मिळालेली ही सर्वांत मोठी टक्केवारी आहे. भाव किती? ५६०. गेल्या वर्षी तीनदा मिळालेल्या भावापेक्षा ८० रुपये जास्त.

म्हणून टक्के बघायचे नाहीत, रुपये बघायचे. १,६०० वर ४८० पुन्हा यायला ७० टक्के सूट लागते. हा प्रकाशक २०, ३३, ५०, ६०, ६५ असा पायरी पायरीने उतरत आलाय, तेव्हा ७० ही पुढची पायरी आहे आणि ती एक-दोन सेलमध्ये यायला हरकत नाही. आता निर्णय सोपा होतो. याच आठवड्यात खेळणार असाल तर ८० रुपयांसाठी सहा महिने थांबण्यात अर्थ नाही, ५६० ला घ्या. खेळणार नसाल तर ४८० ची वाट बघा, आणि बघता बघता त्याचे ४०० सुद्धा होऊ शकतात.

तक्त्यात Lowest Recorded Price हाही रकाना असतो. नवे लोक त्याला ब्रह्मवाक्य मानतात आणि फसतात. नीचांकी भाव कधीचा आहे ते बघा. भाववाढीच्या आधीचा असेल तर तो लवकर परतणार नाही, कदाचित कधीच नाही. एकदाच, एका दिवसापुरता दिसलेला खोल खड्डा असेल तर ती कुणाची तरी चूक असू शकते. त्यावर आशा ठेवू नका. गेल्या बारा महिन्यांत किमान दोनदा आलेला सर्वांत कमी भाव, हा तुमचा खरा आकडा.

दुसऱ्या टोकाला असे गेम आहेत ज्यांचा आलेख सपाट रेघ आहे. ‘फॅक्टोरिओ’ हे ठळक उदाहरण. त्याच्या निर्मात्यांचं जाहीर धोरण आहे की सेल द्यायचा नाही, आणि २०२३ च्या जानेवारीत त्यांनी डॉलरमधली किंमत ३० वरून ३५ केली. अशा गेमसाठी सेलची वाट बघणं म्हणजे न येणाऱ्या एसटीच्या थांब्यावर उभं राहणं. त्याचा फुकट डेमो आहे. तो खेळा, आवडला तर पूर्ण किमतीत घ्या, नाहीतर विषय सोडा.

ब्राउझरवर स्टीम उघडत असाल तर ‘ऑगमेंटेड स्टीम’ नावाचं एक्स्टेन्शन टाकून ठेवा. गेमच्या पानावरच नीचांकी भाव दिसतो, दरवेळी दुसरी साइट उघडावी लागत नाही. स्टीमच्या ॲपमध्ये मात्र ते चालत नाही.

चौथी पायरी: आपला भाव लिहून ठेवा

वरचा खरा आकडा मिळाला की तो प्रत्येक गेमसमोर लिहायचा. वही चालेल, फोनमधली नोट चालेल. जास्त सोयीचं म्हणजे `isthereanydeal.com` वर खातं उघडून देश India ठेवायचा आणि स्टीमची विशलिस्ट तिथे आयात करायची. आयात रिकामी आली तर स्टीमच्या Privacy Settings मध्ये Game details हे Public करावं लागतं. काम झाल्यावर परत बंद केलं तरी चालतं. मग प्रत्येक गेमला तुमचा भाव टाका. तो भाव किंवा त्याहून कमी झाला तरच सूचना येते, ४९ टक्के सुटले म्हणून फोन वाजत नाही.

ही साइट स्टीमशिवाय इतर अधिकृत दुकानांचे भावही दाखवते. तिथून घेतलेली की, म्हणजे गेमचा कोड, स्टीमवर टाकला की गेम तुमच्या लायब्ररीत येतो, आणि कधी कधी स्टीमचा सेल नसताना चांगला भाव मिळतो. पण दोन बंधनं लक्षात ठेवा. बाहेर घेतलेल्या कीचा परतावा स्टीम देत नाही, आणि काही कीज भारतात चालत नाहीत, म्हणून पैसे भरण्याआधी दुकानाच्या पानावर देशांची यादी वाचा. अधिकृत नसलेल्या, कोणीही की विकू शकतो अशा बाजारांपासून लांब राहा. चोरलेल्या कार्डावर घेतलेली की निघाली तर ती रद्द होऊन गेम लायब्ररीतून जाऊ शकतो, आणि तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्न उरतो.

पाचवी पायरी: सेलचं वेळापत्रक आणि घाई न करणं

स्प्रिंग सेल मार्चमध्ये, समर जूनअखेरीस सुरू होऊन जुलैत संपणारा, ऑटम आणि विंटर. ऑटम पूर्वी नोव्हेंबरात असायचा. २०२५ साली तो सप्टेंबरअखेरीस आला. विंटर डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो. स्टीम या तारखा बरेच महिने आधी जाहीर करतं. सेल अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे समरला रात्री साडेदहा आणि विंटरला साडेअकरा.

त्या रात्री पहिल्या तासात दुकान अनेकदा कोलमडतं, पान उघडत नाही, पेमेंट लटकतं. जागत बसू नका. पूर्वी सेलमध्ये दर काही तासांनी बदलणारे फ्लॅश डील असायचे, तेव्हा जागण्याला अर्थ होता. २०१५ च्या अखेरपासून ते बंद झाले. आता पहिल्या दिवशीचाच भाव साधारणपणे शेवटच्या दिवशीही असतो. म्हणून पहिल्या दिवशी फक्त यादी बघा, दुसऱ्या दिवशी इतिहास तपासा, तिसऱ्या दिवशी एकच गेम घ्या. तो खेळून बघा. सेल संपायच्या आत खरोखर वेळ उरला तर दुसरा.

कार्टमध्ये टाकण्याआधी आवृत्त्या बघायच्या. ‘द विचर ३’ सारख्या जुन्या गेमची साधी आवृत्ती आणि दोन मोठे विस्तार मिळून असलेली कम्प्लीट आवृत्ती शेजारी शेजारी असतात. सेलमध्ये त्यांच्या भावात थोडाच फरक असेल तर कम्प्लीट घेणं शहाणपणाचं, कारण विस्तार नंतर सुटे घेतले की महाग पडतात. पण त्याच्या आधी `howlongtobeat.com` वर वेळ बघा. विचरची नुसती मुख्य कथा साधारण पन्नास तासांची आहे, बाजूच्या गोष्टी धरल्या की शंभराच्या आसपास. आठवड्याला सहा तास खेळणाऱ्याला मुख्य कथेलाच दोन महिने लागतात. त्या दोन महिन्यांत तुम्हाला दुसरा मोठा गेम लागणारच नाही. मग कार्टमधले उरलेले तीन कोणासाठी?

बंडलचंही तसंच. स्टीमच्या बऱ्याच बंडलमध्ये तुमच्याकडे आधी असलेल्या गेमचे पैसे वजा होतात, ते चांगलं आहे. पण पाच गेमच्या बंडलमधला एकच हवा असेल तर त्या एकाचा सुटा भाव आणि बंडलचा भाव शेजारी लिहा. ‘फक्त दीडशे रुपये जास्त’ देऊन आलेले चार गेम थेट त्या Unplayed यादीत जाऊन बसतात.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. भाव खात्याच्या देशाप्रमाणे दिसतो. सुट्टीला पुण्यात आलात म्हणून लंडनच्या खात्याला रुपयांतला भाव मिळत नाही, देश बदलायला त्या देशातलं पेमेंट लागतं. भारतातल्या नातेवाइकाकडून गिफ्ट मागवायचा विचारही करू नका. दोन देशांतल्या किमतीत मोठा फरक असेल तर स्टीम ते गिफ्ट अडवतं.

सहावी पायरी: घेतल्यावरचे पहिले दोन तास

खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांहून कमी असेल तर स्टीम कारण न विचारता पैसे परत देतं. याचा फायदा घ्यायचा असेल तर गेम घेतल्या दिवशी किंवा त्या आठवड्यात उघडलाच पाहिजे. सेलमध्ये घेऊन ‘दिवाळीत खेळू’ म्हणून ठेवलेला गेम तुमच्या मशीनवर चालत नाही हे दिवाळीत कळलं, तर उशीर झालेला असतो.

दोन तास मोजण्यात एक खाच आहे. गेम उघडा असेल तो सगळा वेळ धरला जातो. मेन्यू उघडा ठेवून जेवायला गेलात तर तो अर्धा तास गेला. काही मोठे गेम पहिल्यांदा उघडल्यावर शेडर तयार करत दहा-पंधरा मिनिटं बसतात, तीही मोजली जातात. म्हणून पहिल्या बैठकीत सेटिंग्ज लावा, पाऊण तास खेळा आणि गेम पूर्ण बंद करा. नीट चालतोय का आणि उद्या परत उघडावासा वाटतोय का, एवढंच ठरवायचं आहे. बंडल घेतलं असेल तर दोन तासांची मर्यादा सगळ्या गेमना मिळून असते.

परतावा मागायला `help.steampowered.com` वर Purchases मध्ये तो गेम निवडा आणि I would like a refund घ्या. पैसे वॉलेटमध्ये की मूळ खात्यात, हे तिथे विचारतात. शक्य असेल तर मूळ खातं निवडा, वॉलेटमधले पैसे पुढच्या सेलमध्येच उडतात. काही पेमेंट पद्धतींवर मूळ खात्यात परत करणं जमत नाही, तेव्हा ते वॉलेटमध्येच येतात. मंजुरीनंतर पैसे यायला आठवडाभर लागू शकतो.

पूर्ण किमतीत घेतला आणि चार दिवसांनी सेल लागला, तर परतावा घेऊन सेलच्या भावात पुन्हा घेता येतो. याला गैरवापर मानत नाही, असं स्टीमने नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. मात्र तेव्हाही दोन तासांची अट आहेच. तीन तास खेळून झाले असतील तर तो फरक विसरा आणि खेळत राहा.

फुकट गेमनाही हीच यादी लावा. एपिकच्या दुकानात दर गुरुवारी रात्री फुकट गेम मिळतो. पैसे जात नाहीत, म्हणून उचलायला हरकत नाही. पण विशलिस्टमधला एखादा गेम असा फुकट मिळाला, तर त्याच रात्री तो स्टीमच्या विशलिस्टमधून काढा. नाहीतर पुढच्या विंटर सेलला ७५ टक्क्यांच्या हिरव्या चौकटीसह तो समोर येतो, आणि आपल्याकडे तो आहे हे पैसे भरून झाल्यावर आठवतं.